कढीपत्ता घरात घेण्याआधी: बाहेरून आलेल्या कुंड्या चार आठवडे वेगळ्या कशा ठेवाव्यात

न्यू जर्सीत नव्याने राहायला आलेल्या मराठी घरात पहिल्या उन्हाळ्यात तीन-चार कुंड्या हमखास येतात: कढीपत्ता, तुळस, मोगरा आणि जास्वंद. मे महिन्यात त्या डेकवर जातात, जुलैच्या दमट उकाड्यात त्यांना गावाकडे असल्यासारखं वाटतं आणि ऑगस्टअखेर कढीपत्ता खांद्याला लागतो. मग ऑक्टोबरमध्ये एका रात्री पारा घसरणार अशी बातमी येते आणि आपण अंधारात, घाईघाईने सगळ्या कुंड्या उचलून दिवाणखान्यात आणून ठेवतो. माझ्या पहिल्या वर्षी मी नेमकं हेच केलं. जास्वंदाच्या बेचक्यांत कापसासारखं काहीतरी होतं ते मला दिसलंही नाही. जानेवारीत तोच कापूस लिंबाच्या झाडावर, मोगऱ्यावर आणि शेजारच्या ऑर्किडच्या पानांच्या बुडाशी होता. ऑर्किड आणि जास्वंद दोन्ही गेली.

तेव्हापासून बाहेरून येणारी प्रत्येक कुंडी माझ्याकडे आधी वेगळ्या खोलीत राहते. त्याची पद्धत पुढे दिली आहे. तारखा मध्य न्यू जर्सीच्या आहेत. शिकागो किंवा टोरांटोला राहत असाल तर आठवडा-दोन आठवडे अलीकडे या.

बाहेर निरोगी दिसणारं झाड घरात का बिघडतं

बाहेर कीड नसते असं नाही. ती असते, पण वाढू शकत नाही. लेडीबग मावा खातात, पाऊस लाल कोळ्यांना, म्हणजे पानांतला रस शोषणाऱ्या ठिपक्याएवढ्या किडीला, धुऊन नेतो, वारा पिल्लं उडवतो. घरात यातलं काहीच नाही. शिवाय नोव्हेंबरपासून हीटिंग सुरू होतं, हवा कोरडी होते आणि लाल कोळ्यांना तीच हवा मानवते. २७ अंश सेल्सिअसच्या आसपास कोळ्याच्या अंड्यापासून अंडी घालणारी मादी तयार व्हायला जेमतेम आठवडा ते दहा दिवस लागतात. म्हणजे ऑक्टोबरात दहा कोळी आत आले तर थँक्सगिव्हिंगपर्यंत त्यांच्या दोन-तीन तरी पिढ्या होऊन जातात.

आणि खरी अडचण अंड्यांची आहे. धुताना, फवारताना आपण जिवंत, हालणारी कीड मारतो. माझ्या जास्वंदावरचा कापूस म्हणजे पिठ्या ढेकूण; त्याची मादी कापसाच्या पिशवीत काहीशे अंडी घालते. ती पिशवी सालीच्या भेगेत, कुंडीच्या काठाखाली, अगदी मुळांजवळही असू शकते आणि साबणाचं पाणी तिच्या आत पोचत नाही. अंडी फुटायला एक ते तीन आठवडे लागतात. म्हणून झाड कितीही नीट तपासलं तरी त्या दिवशी ते स्वच्छ आहे की नाही हे सांगता येत नाही. ते कळायला दिवस जावे लागतात. वेगळं ठेवण्याचं सगळं कारण हेच: लपलेली अंडी फुटून पिल्लं दिसू लागतील इतका वेळ झाड बाकीच्या झाडांपासून लांब राहायला हवं.

किती वेळ? माझा किमान हिशेब चार आठवड्यांचा आहे. तीन आठवड्यांत मावा, कोळी आणि बहुतेक पिठ्या ढेकूण उघडे पडतात. खवले कीड मात्र पुष्कळ हळू चालते, तिच्याबद्दल पुढे सविस्तर.

तारीख तुळशीच्या लग्नावरून मोजा

रात्रीचं तापमान सलग ५५ फॅरनहाइटच्या, म्हणजे साधारण १३ सेल्सिअसच्या खाली जाऊ लागलं की कुंड्या आत घ्यायच्या. ५० च्या खाली तुळशीची पानं काळवंडायला लागतात, कढीपत्ता पानं गाळतो. आमच्याकडे ही वेळ सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात येते. दव गोठेपर्यंत थांबू नका. खिडक्या उघड्या आहेत, हीटिंग अजून लावलेलं नाही, अशा दिवसांत झाड आत आलं तर बाहेरच्या आणि आतल्या हवेत फारसा फरक नसतो, पानगळ कमी होते. याचा दुसरा फायदा असा की नंतर पान गळलं तर ते कशामुळे याचा अंदाज करणं सोपं जातं.

मी उलटा हिशेब करते. तुळशीचं लग्न कार्तिकात, म्हणजे बहुधा नोव्हेंबरात. त्या दिवशी वृंदावन दिवाणखान्यात हवं. आत घेतल्यावर चार आठवडे वेगळं ठेवायचं, त्याआधी दोन आठवडे बाहेरच धुणं-फवारणं. म्हणजे कामाची सुरुवात सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात. ज्या वर्षी ऑक्टोबर उजाडल्यावर सुरुवात केली, त्या वर्षी लग्नाला तुळशीची डहाळी कपात ठेवावी लागली होती.

बाहेर असतानाच करायची कामं

पहिल्या शनिवारी कात्री घेऊन बसा. पिवळी, खाल्लेली, एकमेकांत अडकलेली पानं आणि बारीक काटक्या काढून टाका. जास्वंद तर एक तृतीयांश छाटा. आत त्याला एवढं ऊन मिळणार नसतं आणि पान जितकं कमी तितकी कीड लपायला जागा कमी. मातीवरचा पालापाचोळा आणि वरचा इंचभर थर काढून टाका, तिथे नंतर नवी माती घालता येईल.

मग होज पाइप. पाण्याचा जोर पानांच्या वरून नाही, खालून हवा. एका हाताने फांदी उलटी धरायची आणि पानाची खालची बाजू, देठाचा सांधा, फांद्यांची बेचकी अशी एकेक जागा धुवायची. पूर्ण वाढलेल्या कढीपत्त्याला पंधरा मिनिटं लागतात. कोळी आणि मावा यांच्यासाठी हे धुणंच सगळ्यात परिणामकारक औषध आहे.

मुळांच्या बाजूने लपलेले प्राणी वेगळेच. मुंग्या, गोगलगायी, गोम, गांडुळं कुंडीच्या भोकांतून आत शिरलेली असतात. एका मोठ्या बादलीत कोमट पाणी घ्यायचं आणि कुंडी मातीच्या पातळीपर्यंत त्यात पंधरा-वीस मिनिटं बुडवून ठेवायची. आधी बुडबुडे येतात, मग एकेक जण वर चढू लागतो. मी व्हिडिओ कॉलवर आईला हे दाखवलं तेव्हा ती म्हणाली, "अगं, झाडाला टबात बसवून न्हाऊ घालतेस होय!" नंतर कुंडी विटांवर ठेवून रात्रभर निथळू द्या. ओलीकच्च माती घेऊन आत गेलात तर चिलटांना आमंत्रणच.

कुंडीतून मुंग्या निघाल्या तर झाड पुन्हा एकदा तपासा. मुंग्या बहुतेकदा मातीसाठी आलेल्या नसतात. मावा, खवले कीड, पिठ्या ढेकूण यांच्या अंगातून गोड चिकटा पाझरतो, त्यासाठी येतात. मुंग्यांची रांग फांदीवर जिथे थांबते तिथे कीड सापडते.

कुंडीची बाहेरची बाजू, काठ, ताटली आणि बुडाची भोकं साबणाच्या पाण्याने घासून काढा. आपल्या भागात इथे आणखी एक गोष्ट बघावी लागते. स्पॉटेड लँटर्नफ्लाय हा किडा २०१४ साली शेजारच्या पेनसिल्वेनियात पहिल्यांदा सापडला आणि २०१८ साली न्यू जर्सीत आला. तो सप्टेंबरपासून थंडी पडेपर्यंत अंडी घालतो आणि त्याला झाडच लागतं असं नाही. कुंडी, विटा, डेकची खुर्ची, काहीही चालतं. अंड्यांचा पुंजका वाळलेला राखाडी चिखल बोटाने फासल्यासारखा दिसतो, आत तीस ते पन्नास अंडी असतात. असा डाग दिसला तर जुन्या प्लास्टिक कार्डाने खरवडून रबिंग अल्कोहोल भरलेल्या पिशवीत टाका. नुसतं जमिनीवर पाडून उपयोग नाही.

दुसऱ्या दिवशी, झाड वाळल्यावर, फवारणी. मी इन्सेक्टिसायडल सोप वापरते. बाजारात घट्ट द्राव मिळतो, तो बहुधा एका गॅलनला ५ टेबलस्पून म्हणजे साधारण दोन टक्के असा मिसळायचा असतो, पण आपल्या बाटलीवर लिहिलेलं प्रमाण पाळा. भांडी घासायचा लिक्विड सोप चालेल का, असं सगळे विचारतात. तो मी वापरत नाही. त्यात चरबी काढायची इतर द्रव्यं असतात, ती पानावरचं मेणही काढतात आणि कडा जळतात. पाणी जड असेल आणि मिसळल्यावर वर पांढरी साय धरत असेल तर डिस्टिल्ड वॉटर घ्या, नाहीतर साबण पाण्यातल्या क्षारांतच संपून जातो. आधी दोन-तीन पानांवर फवारून दोन दिवस बघा. मग संध्याकाळी किंवा सकाळी लवकर, ऊन नसताना, पानाच्या दोन्ही बाजू निथळेपर्यंत भिजवा.

साबण फक्त ज्या किडीला ओला लागतो तिलाच मारतो. वाळला की त्याचा परिणाम संपला. अंड्यांवर तर तो जवळपास चालतच नाही. म्हणून एकदा जोरात फवारण्यापेक्षा सात दिवसांच्या अंतराने पुन्हा पुन्हा फवारणं महत्त्वाचं. बाहेर दोनदा, आत गेल्यावर पहिल्या दोन आठवड्यांत आणखी दोनदा.

कडुनिंबाचं तेल आपल्या ओळखीचं, त्यामुळे हात आधी तिकडे जातो. ते चालतं, पण साबणाच्या जोडीला. बंद घरात त्याचा वास दोन-तीन दिवस जात नाही, तेव्हा वापरायचंच असेल तर बाहेर असतानाच वापरा.

एक गोष्ट मात्र अजिबात करू नका. दुकानात घरातल्या झाडांसाठी मातीत टाकायचे कीडनाशकाचे दाणे मिळतात. ते मुळांतून शोषले जाऊन झाडाच्या पानापानात पोचतात आणि महिनोन्महिने राहतात. कढीपत्ता आपण फोडणीत घालतो, तुळशीचं पान तीर्थात घालतो. या दोन झाडांना ते दाणे कधीही नकोत. पाकिटावर मागच्या बाजूला बारीक अक्षरांत शोभेच्या झाडांसाठी असं लिहिलेलं असतं, ते वाचा.

वेगळी खोली कशी असावी

दार बंद होणारी, खिडकी असलेली आणि घरातलं दुसरं एकही झाड नसलेली जागा हवी. पाहुण्यांची खोली उत्तम. खिडकीचं बाथरूमही चालतं. अपार्टमेंटमध्ये तेही नसेल तर निदान दुसऱ्या खोलीची खिडकी धरा. कोळी पानाला पान लागलं की पलीकडे जातात, खवल्यांची आणि पिठ्या ढेकणाची पिल्लं चालत जातात किंवा आपल्या बाहीला चिकटून येतात. यासाठी सहा-सात फुटांचं अंतर बरंच काम करतं. पांढरी माशी आणि चिलटं उडतात, त्यांना दारच लागतं.

बऱ्याच जणांची चूक इथे होते: कुंड्या थंड बेसमेंटमध्ये किंवा गराजमध्ये नेऊन ठेवतात. तिथे चार आठवडे काहीच दिसत नाही, मग झाड वर येतं आणि पंधरा दिवसांत पानं जाळीने भरतात. कारण साधं आहे. थंडीत कीड मरत नाही, नुसती मंदावते. ६० फॅरनहाइटला अंडी फुटायला कितीतरी जास्त दिवस लागतात. शिवाय शरद ऋतूत दोन ठिपक्यांच्या कोळ्याच्या माद्या नारिंगी होतात, खाणं थांबवतात आणि सालीच्या किंवा कुंडीच्या भेगेत थंडी काढायला बसतात. ऊब मिळाल्यावर बाहेर येतात. आपल्याला तर ती बाहेर यायलाच हवी, तीही वेगळ्या खोलीत असतानाच. म्हणून खोली दिवाणखान्याइतकीच उबदार, सत्तरच्या आसपास ठेवा. बेसमेंटच वापरायचं असेल तर तिथे ऊब आणि ग्रो लाइट दोन्हीची सोय करा, नाहीतर मुदत सहा-आठ आठवड्यांवर न्या.

सगळ्या कुंड्या एकाच खोलीत ठेवल्या तर त्या सगळ्यांचं नशीब एकत्र बांधलं जातं. एकीवर कीड निघाली की सर्वांची मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून. म्हणून मी तुळस वेगळ्या बाथरूममध्ये ठेवते, कारण तिला तारीख पाळायची असते. लिंबू आणि कढीपत्ता एकाच कुळातले, त्यांच्यावर सारखीच खवले कीड येते, ते एका खोलीत चालतात पण पानाला पान लागू देत नाही.

त्या खोलीची झारी, कात्री, स्प्रे बॉटल आणि ताटल्या तिथेच राहतात. पाणी घालायचा क्रम ठरलेला: आधी घरातली कायमची झाडं, शेवटी वेगळ्या खोलीतली. तिथून बाहेर पडल्यावर हात कोपरापर्यंत धुवायचे. हा क्रम उलटा झाला की तुम्हीच किडीचं वाहन होता.

प्रत्येक कुंडीत एक पिवळं चिकट कार्ड काडीला लावून खोचा आणि त्यावर पेनने आत आणल्याची तारीख लिहा. त्यावर पांढरी माशी, चिलटं, पंखवाला मावा चिकटतो. कोळी, खवले आणि पिठ्या ढेकूण उडत नसल्याने कार्डावर सापडत नाहीत. कार्ड कोरं आहे म्हणून निर्धास्त होऊ नका.

दर तीन-चार दिवसांनी काय बघायचं

कोळ्यांसाठी कोरा पांढरा कागद पुरतो. फांदीच्या खाली कागद धरून फांदीवर चार-पाच टिचक्या मारा. धूळ पडेल. अर्धं मिनिट थांबा. धुळीतले काही ठिपके चालायला लागले तर ते कोळी. बोटाने पुसून बघा, हिरवट किंवा लालसर रेघ उठते. जाळी दिसेपर्यंत थांबलात तर फार उशीर झालेला असतो. त्याआधी पानावर रवा सांडल्यासारखे बारीक फिके ठिपके येतात.

पिठ्या ढेकूण बेचक्यात, पानाचा देठ फांदीला मिळतो तिथे असतो. कापूस दिसला की ७० टक्के रबिंग अल्कोहोलमध्ये बुडवलेला कॉटन बड त्यावर टेकवा. मेण विरघळतं आणि आतला गुलाबी-तपकिरी जीव दिसतो. एकदा अनुभव आला की पाणी आटून उरलेला पांढरा क्षार आणि कीड यांतला फरक लगेच कळतो: क्षार विरघळत नाही.

चिलटं दिसली तर त्यांची पिल्लं मातीच्या वरच्या दोन-तीन इंचांत असतात. आधी माती वाळू द्या. तरी कमी झाली नाहीत तर डासांच्या अळ्यांसाठी बीटीआय नावाच्या जिवाणूची गोल वडी मिळते. तिचा तुकडा रात्रभर गॅलनभर पाण्यात ठेवून तेच पाणी आठवड्यातून एकदा, तीन-चार वेळा घालायचं. याने फक्त अळ्या मरतात, उडणारी चिलटं आपल्या आयुष्याने संपतात.

कढीपत्त्याबद्दल एक खुलासा. तो आत आल्यावर पानं गाळतोच. खालची जुनी पानं पिवळी पडून, देठासकट, कोरडी आणि स्वच्छ गळत असतील तर ते प्रकाश कमी झाल्यामुळे. गळलेलं पान उचलून अंगठ्याने चोळून बघा. चिकट लागलं तर कारण वेगळं आहे.

मागच्या वर्षीचा कढीपत्ता

माझं झाड सात वर्षांचं, पाच गॅलनच्या कुंडीत. २१ सप्टेंबरला साबणाची पहिली फवारणी झाली, २८ ला दुसरी, आणि वाळल्यावर त्याच संध्याकाळी ते पाहुण्यांच्या खोलीत, दक्षिणेच्या खिडकीशी गेलं. सोबत मोगरा. तुळस एकटी वरच्या बाथरूममध्ये, ग्रो लाइटखाली. पहिले दोन आठवडे कागदावर धूळच पडली, कार्डावर दोन चिलटं.

१५ ऑक्टोबरला, सतराव्या दिवशी, मी खिडकीची चौकट पुसायला गेले आणि फडकं अडकलं. चौकटीवर साखरेच्या पाकाचे शिंतोडे उडाल्यासारखे बारीक चमकदार थेंब होते. वर बघितलं तर नेमकी त्याच्या वरची फांदी. पानं हिरवीगार. मग ते संयुक्त पान उलटं केलं, ज्या मधल्या देठावर छोट्या पानांच्या जोड्या असतात तो देठ. त्याच्या खालच्या बाजूने, देठाच्याच रंगाचे, तिळाएवढे चपटे फुगवटे एका रांगेत बसले होते. सालीचाच भाग वाटावेत असे. एका फुगवट्याखाली नख सरकवलं, तो टवका निघाला आणि खाली ओलं लागलं. मेलेला खवला कोरडा असतो, फुंकर मारली तरी उडतो. हे जिवंत होते. मोजले, तीन फांद्यांवर मिळून एकोणीस.

फवारूनही ते कसे राहिले, हे समजून घेण्यासारखं आहे. मोठ्या मादीच्या पाठीचं कवच साबणाला जवळपास दाद देत नाही. ती एका जागी चिकटून बसते आणि एक-दोन महिने तिच्या पोटाखालून थोडी थोडी पिल्लं बाहेर येत राहतात. ती पिल्लं सूक्ष्म, पिवळसर, चालणारी असतात. तेवढे काही दिवसच साबण त्यांना मारू शकतो. नंतर तीही देठाला चिकटतात आणि कवच धरू लागतात. म्हणजे मोठ्यांना हाताने काढायचं आणि पिल्लांना नेम धरून, पुन्हा पुन्हा फवारून गाठायचं.

तीनपैकी सगळ्यात भरलेली फांदी मी कापून, पिशवीत बांधून बाहेरच्या कचऱ्यात टाकली. उरलेल्या दोन फांद्यांवरचे खवले अल्कोहोल लावलेल्या जुन्या मऊ टूथब्रशने एकेक करून काढले. पाऊण तास लागला. मग झाड बाथटबमध्ये नेलं, मातीवर प्लास्टिकची पिशवी बांधली, कोमट शॉवरखाली धुतलं आणि निथळल्यावर साबण फवारला. खिडकीची चौकट आणि जमीन साबणाने पुसली. चिकटा राहू दिला तर त्यावर काजळीसारखी काळी बुरशी धरते, आणि नवा थेंब पडला तरी जुन्यात मिसळून ओळखू येत नाही.

त्यानंतर झाडाखाली एक काळा गुळगुळीत कागद पसरला. त्यावर चिकट थेंब सहज दिसतात. २२ आणि २९ ऑक्टोबर, ५ नोव्हेंबर अशा तीन फवारण्या केल्या. २२ ला कागदावर सहा-सात थेंब होते आणि भिंगातून दोन पिल्लं चालताना दिसली. २९ ला एक जिवंत पिल्लू. ५ नोव्हेंबरला काही नाही.

साधी मोजणी चार आठवड्यांची, पण खवले इतके दिवस पिल्लं सोडत असल्यामुळे मी शेवटची जिवंत कीड दिसल्या दिवसापासून सहा आठवडे धरले. २९ ऑक्टोबरपासून सहा आठवडे म्हणजे १० डिसेंबर. मोगऱ्यावर एकही खवला सापडला नव्हता, तरी तो त्याच खोलीत होता, म्हणून त्यालाही १० डिसेंबरच. तुळस मात्र २६ ऑक्टोबरला, चार आठवडे पूर्ण करून, बाहेर आली आणि लग्नाला आपल्या जागी होती.

या काळात कढीपत्ता खायला हरकत नव्हती. फवारणीनंतरचे दोन-तीन दिवस सोडून, कीड नसलेल्या फांदीची पानं तोडून, नीट धुऊन वापरत होते. अल्कोहोल लावलेली पानं तेवढी टाकली.

एका मैत्रिणीने विचारलं, "अगं, एवढं करण्यापेक्षा नवं झाड नाही का आणायचं?" मोठ्या जास्वंदाच्या बाबतीत मी तिच्याशी सहमत आहे. जास्वंद किंवा तुळस कीडग्रस्त असेल तर चार इंचांच्या तीन-चार शेंड्या कापून, साबणाच्या पाण्यात बुडवून, धुऊन, पाण्यात मुळं धरायला ठेवाव्यात आणि मूळ झाड सोडून द्यावं. एवढीशी काडी पूर्ण तपासता येते, झुडूप नाही. कढीपत्त्याच्या फांद्या अशा सहज मुळं धरत नाहीत, म्हणून त्याच्यासाठी कष्ट घेते. आणि फ्लोरिडातल्या नातेवाइकांकडून गाडीतून रोप आणायचा विचार असेल तर तो सोडा. लिंबूवर्गीय झाडांचा घातक रोग पसरवणारी सिट्रस सिला ही कीड कढीपत्त्यावर जगते आणि तिथून अशी रोपं राज्याबाहेर नेण्यावर निर्बंध आहेत.

खोलीतून बाहेर काढताना

मुदत संपल्यावर शेवटची तपासणी दिवसाच्या उजेडात, भिंगाने करा: कागदाची टिचकी, देठांची खालची बाजू, बेचक्या, कुंडीचा काठ आणि ताटलीखालची जागा. पिठ्या ढेकूण त्या ताटलीखाली सापडलेला आहे मला. कुंडीतून सहज निघत असेल तर मुळांचा गड्डा हलकेच वर उचलून बघा. मुळांवर आणि कुंडीच्या आतल्या भिंतीवर पांढरा कापूस दिसला तर मुळांवरचा पिठ्या ढेकूण असू शकतो. अशी कुंडी खोलीतच राहील.

सगळं स्वच्छ असेल तर झाड आपल्या खिडकीशी न्या, पण पहिला महिना शेजारच्या कुंडीपासून हातभर लांब ठेवा. पिवळं कार्ड काढू नका, त्याच्यासकट न्या आणि आत आणल्याच्या तारखेखाली खोलीतून बाहेर काढल्याची तारीख लिहा. काळा कागदही झाडाखाली राहू दे. हीटिंग जोरात चालू झाल्यावर, म्हणजे जानेवारीच्या मध्याला, कागदाची टिचकी पुन्हा एकदा मारा. माझ्या कढीपत्त्याच्या कार्डावर आता २८ सप्टेंबर, १० डिसेंबर आणि १५ जानेवारी अशा तीन तारखा आहेत, आणि तिसरीच्या पुढे लिहिलंय: फक्त धूळ.